टक्के सोडा, दवबिंदू बघा: हवेची चिकचिक कशी ओळखायची

मागच्या मे महिन्यात माझी मावशी पुण्याहून ठाण्याला आमच्याकडे चार दिवस राहायला आली. पहिल्याच दुपारी पंख्याखाली बसून पदराने मान पुसत म्हणाली, "अरे, पुण्यात काल अडतीस होतं, तरी अंगाला घाम नव्हता. इथे चौतीसच दाखवतंय, मग जीव असा का कासावीस होतोय?" मी म्हटलं, "मावशी, इथे दमटपणा जास्त आहे ना." तिने लगेच माझ्या हातातला मोबाइल घेतला आणि विचारलं, "त्रेसष्ट टक्के म्हणतोय. सकाळी सातला तर नव्वद होता. म्हणजे दमटपणा कमी झाला की! मग आत्ता सकाळपेक्षा जास्त का चिकचिकतंय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. टक्क्यांच्या भाषेत त्याला उत्तर नाही, दवबिंदूच्या भाषेत आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना मोबाइलच्या हवामान पानावर 'दवबिंदू' नावाचा आकडा दिसतो, पण त्याचं काय करायचं ते माहीत नाही.

आधी त्या आकड्याचा अर्थ

फ्रिजमधली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली की तिच्या अंगावर थेंब जमतात. ते पाणी बाटलीतून आलेलं नसतं, खोलीतल्या हवेतून आलेलं असतं. हवा जसजशी थंड होते तसतशी तिच्यात वाफेच्या रूपाने राहू शकणारं पाणी कमी होत जातं. एका ठरावीक तापमानाला ती अगदी काठोकाठ भरते, आणि त्याच्या खाली गेलं की जास्तीचं पाणी थेंब होऊन बाहेर पडतं. त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. बाहेरचा दवबिंदू २६ अंश आहे याचा अर्थ इतकाच, की २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर ही हवा पाणी सोडणार.

म्हणजे दवबिंदू अंशांत सांगितला जात असला तरी तो हवा किती गरम आहे ते सांगत नाही, हवेत पाणी किती आहे ते सांगतो. टक्केवारी मात्र वेगळी गोष्ट सांगते: या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकं पाणी राहू शकलं असतं, त्याचा किती हिस्सा आत्ता आहे. तापमान बदललं की ही कमाल मर्यादा बदलते, आणि हवेतलं पाणी तेवढंच राहूनही टक्का खाली-वर होतो.

मावशीचे दोन आकडे घ्या. सकाळी सातला २८ अंश आणि ९० टक्के. यातून दवबिंदू निघतो २६.२. दुपारी अडीचला ३४ अंश आणि ६३ टक्के. यातून निघतो २६.०. हवेतलं पाणी जवळजवळ तसूभरही हललेलं नाही. टक्का उतरला तो फक्त ऊन चढलं म्हणून. पाणी सकाळइतकंच आणि वर सहा अंशांची गरमी, म्हणून दुपारी तिला जास्त चिकचिकलं. ढोबळ नियम असा लक्षात ठेवा: दिवसभरात तापमानाची रेघ वर जाते तेव्हा टक्क्याची खाली येते, आणि दवबिंदूची रेघ बरीचशी सपाट चालते. ती उडी मारते तेव्हा हवाच बदललेली असते. समुद्राकडचा वारा सुरू झालेला असतो, पाऊस पडून गेलेला असतो किंवा घाटावरचा कोरडा वारा खाली उतरलेला असतो.

चिकचिक नक्की कशाची होते

घाम आल्याने अंग चिकट होत नाही, घाम न वाळल्याने होतं. पुण्यात अडतीस अंशांत मावशीला घाम येतच होता, पण येता येता वाळत होता, म्हणून तिला तो दिसला नाही. घाम किती झपाट्याने वाळेल हे दोन गोष्टींमधल्या फरकावर ठरतं: ओल्या त्वचेला लागून असलेल्या हवेतल्या वाफेचा दाब, आणि आजूबाजूच्या हवेतल्या वाफेचा दाब.

गरमीत त्वचा साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. त्या तापमानाला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ५६ मिलिबार असतो. बाहेर दवबिंदू २६ असेल तर हवेतल्या वाफेचा दाब असतो सुमारे ३४ मिलिबार. फरक २२. पुण्याच्या कोरड्या दुपारी दवबिंदू १४ असेल तर हवेतला दाब १६, आणि फरक ४०. वारा, कपडे, सगळं सारखं धरलं तर पुण्यात घाम ठाण्याच्या जवळजवळ पावणेदोनपट वेगाने वाळतो. या हिशोबात टक्के कुठेच येत नाहीत. त्वचेचं तापमान फारसं बदलत नाही, त्यामुळे घाम वाळणार की नाही हे जवळपास एकट्या दवबिंदूवर ठरतं.

याच हिशोबाने आणखी एक कोडं सुटतं. जुलैत महाबळेश्वरला हवा १९ अंश आणि ९८ टक्के असू शकते. टक्क्यांवर विश्वास ठेवला तर ती ठाण्याच्या मे महिन्यापेक्षा कितीतरी दमट. प्रत्यक्षात तिथे कोणी घामाने चिकचिकत नाही, कारण दवबिंदू १९ च्या जरा खालीच आहे. पण तिथे दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तेही खरं. शरीर स्वतः गरम असतं, कपडा मात्र हवेइतकाच थंड असतो. १९ अंशांचा ओला कपडा आणि १९ अंशांची काठोकाठ भरलेली हवा, मग पाणी जाणार कुठे? म्हणून टक्के निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. कपडे, पापड, पुस्तकं, भिंतीवरची बुरशी यांच्यासाठी टक्के बघा. स्वतःच्या अंगासाठी दवबिंदू बघा.

पायरी पहिली: आकडा मिळवा

मोबाइलच्या बहुतेक हवामान अॅपमध्ये 'आर्द्रता' या चौकोनात खाली बारीक अक्षरांत दवबिंदू लिहिलेला असतो. सुरुवातीला तेवढा पुरतो. पण तो बहुधा संगणकाच्या अंदाजातून आलेला असतो, तुमच्या गल्लीत कोणी मोजलेला नसतो. समुद्रकिनाऱ्याजवळ आणि घाटाच्या कडेला हा अंदाज दोन-तीन अंशांनी सहज चुकतो.

प्रत्यक्ष मोजलेला आकडा हवा असेल तर जवळच्या विमानतळाचा हवामान संदेश वाचायला शिका. तो वैमानिकांसाठी असतो, पण सगळ्यांना बघता येतो. मुंबईसाठी `VABB`, पुण्यासाठी `VAPO`, नागपूरसाठी `VANP` ही खूण शोधायची. मे महिन्यातल्या दुपारचा संदेश साधारण असा दिसतो:

```
METAR VABB 180900Z 28010KT 5000 HZ 34/26 Q1006 NOSIG
```

यातलं आपल्या कामाचं फक्त `34/26`. पहिला आकडा तापमान, तिरप्या रेघेनंतरचा दवबिंदू. `180900Z` म्हणजे १८ तारीख आणि जागतिक वेळेचे नऊ, त्यात साडेपाच तास मिळवले की आपले दुपारचे अडीच. दोन्ही आकडे पूर्ण अंशांत असतात, त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरक त्यात दिसत नाही. चिकचिक जोखायला तो लागतही नाही.

पायरी दुसरी: घरच्या यंत्रावरून काढा

बाजारात तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. त्यावर बहुधा दवबिंदू नसतो, पण दोन आकड्यांवरून तो काढता येतो. तोंडी हिशोबासाठी ही आडाखेवजा रीत आहे:

```
Td = T - (100 - RH) / 5
```

टक्का शंभरला जितका कमी, त्याचा पाचवा भाग तापमानातून वजा करायचा. २८ अंश, ९० टक्के: दहा कमी, पाचवा भाग दोन, दवबिंदू २६. खरं उत्तर २६.२ होतं, म्हणजे उत्तम. ३४ अंश, ६३ टक्के: सदतीसचा पाचवा भाग ७.४, दवबिंदू २६.६. खरं उत्तर २६.०, म्हणजे चालण्यासारखं. किनाऱ्यावर आणि पावसाळ्यात ही रीत बिनधास्त वापरा.

पण टक्का पन्नासच्या खाली गेला की ती सोडून द्या. नागपूरची मे महिन्यातली दुपार घ्या, ४३ अंश आणि २० टक्के. आडाख्याने ऐंशीचा पाचवा भाग १६, दवबिंदू २७. म्हणजे नागपूर मुंबईपेक्षा चिकट! खरं उत्तर आहे १५.२. बारा अंशांची चूक. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या उन्हाळ्यासाठी मोबाइलच्या किंवा संगणकाच्या तक्त्यात हे सूत्र एकदाच टाकून ठेवा. `A2` मध्ये तापमान, `B2` मध्ये टक्का:

```
=243.12*(LN(B2/100)+17.62*A2/(243.12+A2))/(17.62-LN(B2/100)-17.62*A2/(243.12+A2))
```

३४ आणि ६३ टाकून २६.० येतं का ते पाहा. आलं तर सूत्र बरोबर उतरलं.

यंत्र खोटं बोलतंय का ते मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा, त्यावर पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा, आणि रात्रभर सावलीत राहू द्या. मिठाच्या अशा लगद्यावरची बंदिस्त हवा आपल्याकडच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सकाळी डबा न उघडता वाचा. यंत्र ७० दाखवत असेल तर त्या भागात पाच टक्के मिळवून घ्यायचे. तीस अंशांच्या आसपास पाच टक्क्यांच्या चुकीने दवबिंदू एक अंशाहून थोडा जास्त चुकतो, आणि २४ व २५ यांतला फरक अंगाला कळतो.

एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा उमगली. माझं यंत्र खिडकीत होतं आणि सकाळी नऊनंतर त्यावर ऊन यायचं. तापमान ३९ दाखवायचं, टक्का घसरायचा, आणि दोन्ही आकडे चुकीचे म्हणून मी ते लिहीतच नसे. पण यंत्र तापलं की टक्का त्याच तापलेल्या हवेचा मोजला जातो, त्यामुळे त्या दोन आकड्यांतून निघणारा दवबिंदू बराचसा बरोबर येतो. तापमान खोटं, टक्का खोटा, तरी दवबिंदू खरा. अट एकच, दोन्ही आकडे एकाच यंत्रावरचे आणि एकाच क्षणाचे हवेत.

ही अट मोडली की भलतंच होतं. वर्तमानपत्रात दिवसाचं कमाल तापमान ३४ छापतात आणि शेजारी सकाळी साडेआठची आर्द्रता ९० टक्के. नवखा माणूस दोन्ही एकत्र करतो आणि त्याचा दवबिंदू येतो ३२. असा दवबिंदू आपल्या किनाऱ्यावर नसतो. समुद्रावरून येणाऱ्या हवेला पाणी समुद्राच्या पृष्ठभागावरून मिळतं, आणि मे महिन्यात आपल्याकडचा अरबी समुद्र साधारण २९-३० अंशांचा असतो. हवेचा दवबिंदू त्याच्या वर जायला तिला तेवढं पाणी देणारं कोणी लागतं. म्हणून हिशोबात २८ च्या वर काही आलं तर आधी स्वतःचे आकडे तपासा. जगात ३५ अंशांचा दवबिंदू सौदी अरेबियातल्या धाहरानला ८ जुलै २००३ ला नोंदवला गेला होता. तिथे बाजूला इराणचं आखात आहे, उथळ आणि उन्हाळ्यात अतिशय तापणारं. दुबई-दोह्याला असलेल्या आपल्या मंडळींनी ही २८ ची मर्यादा लावू नये.

पायरी तिसरी: पेल्याने स्वतः मोजा

हे एकदा तरी करून बघाच. आकडा डोळ्यांसमोर तयार होताना पाहिला की नंतर तो कधी विसरत नाही.

बाहेरून चकचकीत असलेला स्टीलचा पेला घ्या, कोरड्या फडक्याने लखलखीत पुसा. त्यात निम्म्यापर्यंत नळाचं पाणी भरून अर्धा तास खोलीत ठेवा. स्वयंपाकघरात वापरतात तो टोकदार डिजिटल तापमापक पाण्यात सोडा. आता बर्फाचा खडा फोडून अगदी लहान तुकडे करा आणि एकेक टाकत सावकाश ढवळत राहा. नजर पेल्याच्या बाहेरच्या अंगावर ठेवा, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली. पेल्याच्या मागे काळं फडकं धरलं तर बरं.

आधी चकाकी असते. मग एका क्षणी ती जरा मंद होते, जणू कोणी हलकेच फुंकर घातली. बोटाने रेघ ओढा. रेघ चमकली आणि आजूबाजूचं धुरकट राहिलं तर दव धरलं. तापमान लिहा. आता बर्फ टाकणं थांबवा, ढवळत राहा आणि ते धुकं विरतं तेव्हाचं तापमान लिहा. मावशीसमोर मी हे केलं तेव्हा दव धरलं २५.४ ला आणि विरलं २६.२ ला. दोन्हींची सरासरी २५.८. मोबाइल २६ दाखवत होता. मावशीने स्वतः बोटाने रेघ ओढून पाहिली आणि मगच तिची खात्री पटली.

चुका इथे ठरलेल्याच होतात. बर्फ घाईने टाकला तर पाणी पटकन खाली जातं, दव दिसेपर्यंत तापमापक तीन-चार अंश पुढे गेलेला असतो आणि दवबिंदू खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. पेल्यावर वाकून बघितलं तर तुमचा श्वासच त्यावर जमतो आणि आकडा जास्त येतो. शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू असतील तर स्वयंपाकघराचा दवबिंदू मिळेल, गावाचा नाही. आणि कोरड्या प्रदेशात दुपारी पाणी दहा अंशांच्या खाली गेलं तरी काहीच दिसत नाही. तिथे बर्फ भरपूर घ्या आणि धीर धरा. पाच अंशांनाही दव धरलं नाही, तर दवबिंदू पाचाच्या खाली आहे असं लिहून मोकळे व्हा.

पायरी चौथी: आकडा अंगाशी जोडा

परदेशी तक्त्यांत २१ च्या वरचा दवबिंदू 'असह्य' लिहिलेला असतो. आपल्या कोकणात वर्षाचे कितीतरी महिने तो २१ च्या वरच असतो आणि लोक शेती, मासेमारी, लोकलचा प्रवास सगळं करतात. सवयीचा भाग मोठा आहे. म्हणून मी स्वतःच्या वहीवरून आमच्या घरापुरता असा अंदाज बांधलाय:

- १२ च्या खाली: ओठ फुटतात, टाचांना भेगा, रात्री घसा कोरडा. नाशिक-पुण्याकडच्या थंडीतले दिवस.
- १२ ते १७: हवा जाणवतच नाही, हीच तिची खूण. चालून आलं तरी शर्ट पाठीला चिकटत नाही.
- १८ ते २०: जिना चढल्यावर जाणवतं, बसल्यावर विसरायला होतं.
- २१ ते २३: पंखा लागतो. पंख्याखाली ठीक, बंद केला की गदमदतं.
- २४ ते २५: अंघोळ करून बाहेर आलं की टॉवेलने पुसलेलं अंग परत ओलं. वारा पडला तर जास्तच.
- २६ आणि वर: पंखा पाचवर ठेवूनही मानेखाली उशी ओली होते.

हे आकडे तसेच घेऊ नका. दोन आठवडे रोज एकाच वेळी, समजा रात्री नऊला, दवबिंदू लिहा आणि शेजारी आपल्या शब्दांत अंगाची स्थिती लिहा: छान, बरं, चिकचिक, जीव नको. तापमान आणि टक्के त्या वेळी बघू नका, नाहीतर मन त्यांच्या मागे जातं. विदर्भातला माणूस २२ ला हैराण होतो आणि मालवणचा २४ ला 'आज बरं आहे' म्हणतो, हे मी दोघांकडून ऐकलंय.

या मोजपट्टीची एक मोठी मर्यादा इथेच सांगतो, कारण ती जिवाशी येऊ शकते. ती चिकचिक सांगते, उष्णतेचा धोका सांगत नाही. नागपूरच्या ४३ अंशांत दवबिंदू १५ असतो, आणि वरच्या यादीत बघितलं तर ते 'जाणवतच नाही' या ओळीत बसतं. पण ४३ अंशांची हवा त्वचेपेक्षा गरम असते, ती अंगाला उष्णता देत राहते, घाम येता येता उडतो आणि शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतही नाही. तिथे अंगाची काहिली होते, चिकचिक होत नाही. तापमान ३६-३७ च्या वर गेलं की ही यादी बाजूला ठेवा आणि फक्त तापमान, ऊन आणि पाणी यांचा विचार करा.

पायरी पाचवी: घरात त्यावरून निर्णय घ्या

सगळ्यात आधी कूलर. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून हवा ओढणारा कूलर पाणी उडवून गारवा देतो, म्हणून तो कोरड्या हवेतच चालतो. ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाचं तापमान जिथे येऊन थांबतं, त्याच्या खाली कूलर कधीच जात नाही. नागपूरच्या ४३ अंश आणि १५ दवबिंदूच्या हवेत ते सुमारे २४ येतं, त्यामुळे चांगला कूलर खोलीत २८ च्या आसपासची हवा सोडू शकतो. मुंबईच्या ३४ अंश आणि २६ दवबिंदूत ते २८ च्या आसपास येतं, म्हणजे फार तर चार-पाच अंशांचा गारवा, आणि वर खोलीत आणखी पाणी. दवबिंदू २० च्या वर असेल तर कूलरवर पैसे घालू नका. नागपूरलाही पाऊस सुरू झाला की तोच कूलर घर चिकट करतो. ही तक्रार 'कूलर बिघडला' म्हणून दुरुस्तीवाल्याकडे जाते. बिघडलेलं काहीच नसतं, बाहेरचा दवबिंदू २३ झालेला असतो.

एसीच्या बाबतीत मी स्वतः चुकलोय. छोट्या खोलीसाठी दुकानदाराने "मोठाच घ्या, लवकर थंड होईल" म्हणून दोन टनाचं यंत्र गळ्यात मारलं. ते दहा मिनिटांत खोली २४ वर आणायचं आणि बंद पडायचं. हवेतलं पाणी काढायला यंत्राची थंड जाळी बराच वेळ चालू राहावी लागते, तिच्यावर दव धरून ते नळीने बाहेर ठिबकावं लागतं. इथे तेवढा वेळच मिळत नव्हता. खोलीत २४ अंश आणि ७५ टक्के, म्हणजे दवबिंदू १९ च्या वर. अंगावर गार पण ओलसर चादर पांघरल्यासारखं व्हायचं. याउलट बेताच्या आकाराचं यंत्र २६ वर लावून सतत चालू राहिलं आणि टक्का ५० वर आला, तर दवबिंदू १५ च्या किंचित खाली असतो. दोन अंश गरम खोली, तरी झोप चांगली. मोठं यंत्र आधीच घेतलं असेल तर पंख्याचा वेग कमी ठेवा आणि 'ड्राय' हे बटण वापरून बघा. एसी बंद असताना त्याचा पंखा चालू ठेवू नका, जाळीवरचं पाणी परत खोलीत येतं.

खिडकी उघडावी की नाही, याचा नियम सोपा आहे: बाहेरचा आणि आतला दवबिंदू ताडून बघा, टक्के नाही. पावसाळ्याच्या रात्री बाहेर २५ अंश आणि ९२ टक्के, आत २९ अंश आणि ७५ टक्के. टक्के बघून माणूस खिडकी बंद ठेवतो. पण बाहेरचा दवबिंदू २३.६ आणि आतला २४.१. बाहेरची हवा थंडही आहे आणि किंचित कोरडीही. बंद घरात आपला श्वास, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे असं सगळं पाणी जमत राहतं. खिडकी उघडा.

उलट प्रसंगही येतो. मृगाच्या सुमाराला तळमजल्यावरच्या जुन्या घरात फरशीला पाणी सुटतं आणि ती वाळावी म्हणून सगळी दारं-खिडक्या उघडतात. फरशी २५ अंशांची आणि बाहेरचा दवबिंदू २६ असेल, तर जितकी हवा आत घ्याल तितकं पाणी फरशीवर येईल. अशा वेळी दारं लावून पंखा चालू करा, आणि दवबिंदू उतरला की उघडा. एसीच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात, त्यामागेही हेच कारण असतं. म्हणून काचा पुसण्यात वेळ घालवू नका. काच हवेइतकी गरम झाली की मिनिटाभरात त्या आपोआप साफ होतात.

वही सुरू केलीत तर ऑक्टोबरच्या शेवटाकडे आणि नोव्हेंबरात तिच्याकडे नीट लक्ष ठेवा. मुंबई-ठाण्यात ऑक्टोबर हीटमध्ये दुपारचं तापमान ३५ असतं आणि दवबिंदू २४ च्या आसपास. मग एखाद्या दिवशी वारा पूर्वेचा होतो, घाटावरची हवा खाली येते. तापमान त्या दिवशीही ३५ च असतं, क्वचित एखादा अंश जास्तच, आणि बातम्यांत उकाडा कायम म्हणून सांगतात. पण वहीत दवबिंदू १७ लिहिलेला असतो. त्या रात्री आमच्याकडे पंखा पाचवरून तीनवर येतो, आणि दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत कडक वाळलेले असतात.